भाग्योदय कॉलनीतला दुसरा डबा

माझा भाऊ गिरिधर, त्याला सगळं जमतं. एकट्यानं जेवायला जमत न्हाई. लहानपणी आम्ही तीर्थपुरीला होतो तेव्हा आई त्याचं ताट वाढून रानात जायची, आणि हा ताट उचलून शेजारच्या ओट्यावर जाऊन बसायचा. त्यांचं जेवण झालेलं असलं तरी. आई कपाळाला हात लावायची. म्हणायची, "या पोराला भाकरीसोबत माणूस लागतं तोंडी लावायला."

आता तो एकसष्टचा. पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेला. नव्या जालन्यात स्वतःचं घर, समोर गाडी ठेवायची शटरची खोली, पण गाडी कधी घेतलीच न्हाई. त्याची बायको साधना, म्हणजे माझी वहिनी, सुनेच्या बाळंतपणाला पुण्याला गेल्ती. तीन महिन्यांसाठी गेल्ती बरं का. नात झाली, स्वरा. मंग सून नोकरीवर रुजू झाली, मंग पाळणाघरातल्या बाईनं पोरीला रडत ठेवलं, मंग आणखी काहीतरी. तीन महिन्यांची दोन वर्षं झाली. दादा मधी जाऊन आल्ता महिनाभर. अकराव्या मजल्यावर फ्लॅट. परत आला तेव्हा म्हणाला, "वंदे, तिथं लिफ्टमधी बी कुणी बोलत न्हाई. मी नमस्कार केला तर एक बाई मोबाईलच बघायला लागली."

मी जुन्या जालन्यात राहते, नदीच्या अलीकडं. माझे मालक काकासाहेब, त्यांचं कापडाचं दुकान आहे. माझं घर गल्लीत, दिवसभर रिक्षांचे हॉर्न, कुणी ना कुणी हाका मारून राह्यलेलं. दादाच्या घरी गेलं की कान बसल्यावानी वाटायचं. टीव्ही चालू, आणि बघणारा कुणी न्हाई.

वहिनी रोज संध्याकाळी फोन करायची. पहिला सवाल एकच. "जेवलात का?" आणि दादाचं उत्तर बी एकच. "हो, दोन घास जास्तच." फोन ठेवला की फ्रिजमधला सकाळचा भात काढायचा आणि ओट्याशी उभ्यानं खायचा. मी डोळ्यांनी बघितलंय. म्हटलं, खोटं कशाला बोलतोस? तर म्हणाला, "तिला तिकडं काळजी कशाला?" शहाणाच!

तर डब्याची कल्पना निखिलची, त्याच्या पोराची. पोरगा पुण्यात असल्याच कामात आहे, कुठं नवं दुकान चालंल आणि कुठं बुडंल ते कंपन्यांना सांगतो. दादाच्या हाताला आमच्या आईची चव आहे, हे त्याला माहीत. विशेषतः येसर आमटी. भाजलेल्या डाळी-मसाल्यांचं ते येसर घरात भाजायला घेतलं की चार घरं शिंकतात. निखिल म्हणाला, "बाबा, क्लाउड किचन काढा. बसायला टेबल न्हाई, बोर्ड न्हाई, वेटर न्हाई. शटरच्या खोलीत शिजवायचं आणि डबा घरपोच करायचा. सुरुवातीचा खर्चा मी घालतो."

नाव ठेवलं 'ताराईचा डबा'. आमच्या आईचं नाव तारा.

मी तर एकदम खूश. लगेच म्हणाले, माझ्या घराखालचा गाळा रिकामाच आहे, जुन्या जालन्याचं किचन मी सांभाळते, उद्याच चालू करू. दुकानादुकानातले नोकर, हमाल, व्यापारी, सगळी गर्दी जेवायलाच तर बसलेली. निखिलनं मला फोनवरच थांबवलं. "आत्या, जरा दम धरा. आधी एकच कॉलनी. घाईघाईनं चार ठिकाणी उघडलं आणि चूक झाली, तर चार ठिकाणी बोंब. एका कॉलनीत चूक झाली तर गुपचूप दुरुस्त करता येते."

मंग त्याचे नियम आले. दादाच्या घरामागची भाग्योदय कॉलनी, तेवढीच. बाहेरून ऑर्डर आली तर हात जोडायचे. पदार्थ चारच. वेळ फक्त संध्याकाळची. मोबाईलच्या ॲपवर इतक्यात टाकायचं न्हाई, कारण तिथं पहिल्याच हप्त्यात खराब शेरे पडले की ते पुसता येत न्हाईत. कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक साधा मेसेज. आणि सवलत बिलकुल द्यायची न्हाई. "स्वस्त आहे म्हणून घेतलं की आवडलं म्हणून घेतलं, ते मंग कळत न्हाई," निखिल म्हणाला. "पहिल्यांदा कुणीबी मागवतं, आत्या. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा मागवलं तर ते खरं."

असे दोन महिने बराबर गेले तर माझा गाळा घ्यायचा, आणि त्याच्या पुढं औद्योगिक वसाहतीच्या बाजूला एक. आणि तसं झालं तर वहिनी परत येणार होती. तिनं स्वतः सांगितलं होतं. "दोन किचनं झाली तर तुमच्यानं एकट्यानं होणार न्हाई. मंग निखिल इथं स्वराला सांभाळायला पूर्णवेळ बाई ठेवंल, मी येते. पण नुसत्या रिकाम्या घरात एकमेकांची तोंडं बघायला मला बोलवू नका."

तेव्हा दादासाठी ही धंद्याची परीक्षा नव्हतीच. बायको घरी येते का न्हाई, याची परीक्षा होती. तोंडानं म्हणाला न्हाई कधी. पण तिची कपाटातली चादर काढून धुतली त्यानं, उन्हात घातली, घडी करून परत ठेवली. मी विचारलं तर म्हणे, वास येत होता.

दिवाळी झाली आणि सुरू केलं. फूडचं लायसन काढलं, गॅसचं नीट बसवून घेतलं. भाकरी करायला दादानं नंदाबाईला ठेवलं, आमच्याच गावाकडची, हात असा की भाकरी फुगलीच पाहिजे. डबे भरायला मी. रोज दुपारून नदी ओलांडून जायचे. काकासाहेब चिडवायचे, "चालली कंपनीची मालकीण."

पहिला हप्ता म्हणजे नुसती फजिती. आमटी डब्याच्या झाकणातून गळायची. भाकरी गरम गरम बांधली की वाफेनं ओली व्हायची, घरी पोचेपर्यंत तिचा लगदा. मंग आमटीला वेगळं घट्ट फिरकीचं झाकण आणलं, आणि भाकरी जरा निववून कागदात गुंडाळायला लागलो. धपाटे लोकांना तिखट लागले, मिरची कमी केली. कॉलनीतली माणसं तरी सांभाळून घेत होती. हेच जर सगळ्या गावात झालं असतं तर तोंड दाखवायला जागा राह्यली नसती. निखिलचं म्हणणं पटलं मला तेव्हा, पण त्याला सांगितलं न्हाई. पोरं लगेच डोक्यावर बसतात.

डबे पोचवायला दादा स्वतः जायचा, स्कूटीवर. निखिल म्हणाला होता, सुरुवातीला तुम्हीच जा, लोक काय बोलतात ते कळंल. दादा निघाला की परत यायचं नावच न्हाई. दहा-बारा घरं, हाकेच्या अंतरावर, आणि हा दोन-दोन तास गायब. मी इकडं भांडी घासून, ओटा पुसून, पर्स खांद्याला लावून उभी. आला की तोंडावर चंद्र उगवलेला.

"इतका वेळ कुठं होतास?"

"अगं, गुरुजींकडं बसलो जरा. उपाशीच सोडत न्हाईत. दोन घास खा म्हणाले."

गुरुजी म्हणजे भूगोलाचे रिटायर मास्तर. बायको वारलेली, मुलगी कॅनडाला. त्यांच्या पुढच्या घरात कांताबाई, त्यांची दोन्ही पोरं बाहेर. त्यांच्या समोर बँकेतला एक पोरगा, अपूर्व, नागपूरहून बदलून आलेला, खोलीत एकटाच. सगळी कॉलनी मेली अशीच. मोठी मोठी घरं आणि आत एकेक माणूस. आणि आपल्याकडं काय रीत आहे? दाराशी आलेल्याला सोडून कुणी घास घेतं का? डबा घेतला की म्हणणार, या ना आत, दोन घास घ्या. आणि दादाला अन्नाला न्हाई म्हणणं शिकवलेलंच न्हाई. तो एका घरी दोन घास, दुसऱ्या घरी दोन घास, असं करत करत पोटभर जेवून यायचा. मी त्याच्यासाठी काढून ठेवलेलं ताट झाकलेलंच राहायचं. मला राग यायचा. पण त्याचं तोंड बघून बोलवत नव्हतं. आणि वहिनीचा फोन आला की तो म्हणायचा, "हो, दोन घास जास्तच." या वेळी खरं बोलायचा, एवढाच फरक.

हप्त्या-हप्त्याला ऑर्डरी वाढल्या. घरं तीच, पण डबे वाढले. गुरुजी आधी एक मागवायचे, ते दोन मागवायला लागले. कांताबाई दोन. अपूर्व दोन. मी विचारलं बी, "दादा, एकटा जीव, दोन डबे कशाला?"

"सकाळी खात असतील. चव लागली आईच्या हाताची!" दादा म्हणाला. आणि मला बी तेच ऐकायचं होतं, गाळा डोळ्यापुढं होता ना.

निखिल तर तिकडं उड्या मारून राह्यलेला. "आत्या, दहातले सात परत मागवतात! आणि एका फेरीला एका घरचे दोन डबे. एका डब्यात पोचवणाऱ्याची मजुरी निघत न्हाई, दोनात निघते. हे असंच राह्यलं तर जुन्या जालन्यात आरामात चालंल." मी काकासाहेबांना सांगून गाळ्याला चुना लावून घेतला. वहिनीनं तिकडं बाई बघायला सुरुवात केली. दादानं घरातला पंखा पुसला, बेडरूममधला. भर थंडीत पंखा!

शेवटचे पंधरा दिवस राह्यले तेव्हा निखिलनं एक अट घातली. "बाबा, आता तुम्ही फेरीला जायचं न्हाई. पोचवायला माणूस ठेवा."

"कामून? माझ्या जाण्यानं काय बिघडलं?"

"बिघडलं न्हाई. पण जुन्या जालन्यात तुम्ही जाणार आहात का प्रत्येक दाराशी? तिथं जसं चालणार तसं इथं चालवून बघायचं. न्हाईतर ही परीक्षा कशाची?"

दादाला आवडलं न्हाई. दोन दिवस तो कुरकुरला, लोकांना माणूस ओळखीचा लागतो, अमकं आणि ढमकं. शेवटी शिवाजीला ठेवलं. चांगला मोठा बाप्या, दिवसा रिक्षा चालवतो, संध्याकाळी मोकळा. वेळेत जाणार, वेळेत येणार, एक थेंब सांडणार न्हाई.

पहिल्या दिवशी शिवाजी अर्ध्या तासात परत आला. माझ्या मनात आलं, वा, हे बेस. पण पिशवी रिकामी नव्हती. आत पाच डबे होते.

"हे काय? घरं सापडली न्हाईत?"

"सापडली ना ताई. बराबर सगळ्या घरी गेलो. पण त्यांनी एकेकच ठेवला. दुसरा परत दिला." शिवाजीला वाटलं त्याचंच काही चुकलं, तो डोकं खाजवत उभा. "गुरुजी म्हणाले, साहेब आले न्हाईत तर दुसरा कुणासाठी? त्या कांताबाई तर दोन ताटं मांडून बसलेल्या. मला म्हणाल्या, एक डबा उचल बाबा, तो गिरिधररावांचा होता."

दादा तव्याजवळ उभा होता. नंदाबाईची भाकरी जळत होती, आणि तिला बी उलटायचं सुचेना.

मला सगळं एकदम कळालं. लोक सकाळी खात नव्हते. कुणाला आईच्या हाताची चव लागली नव्हती, म्हणजे लागली असंल, पण दुसरा डबा त्यासाठी नव्हता. दारात येऊन बसणाऱ्या माणसाला आपल्या ताटातलं कमी पडू नये, म्हणून तो मागवलेला. पाहुणा येणार म्हणून जास्तीचं मागवावं तसा. आणि माझा भाऊ त्यातले दोन घास खाऊन पुढच्या घरी जात होता, तिथं बी त्याच्यासाठीचा डबा उघडलेला!

"मला वाटलं आवडतंय त्यांना," दादा म्हणाला. एवढंच.

पुढचे दिवस तर काय सांगावं. शिवाजी वेळेवर, अन्न गरम, कुणाची तक्रार न्हाई. आणि ऑर्डरी उतरत गेल्या. दुसरा डबा बंद झाला. मंग पहिला बी एक दिवसाआड झाला. कांताबाईंनी मेसेज टाकला, 'आज नको, मी खिचडी टाकते.' दादाला मी म्हणाले, दोन दिवस तू जा गुपचूप, आकडे वर येतील, निखिलला कुठं दिसतंय पुण्याहून? खरंच म्हणाले. गाळ्याचा चुना वाळला होता, वहिनीनं बाई पक्की केली होती.

दादानं माझ्याकडं बघितलं. "आणि मंग? जुन्या जालन्यात कोण जाईल? तुझ्या गाळ्याला आग लावायची का मी?"

"वहिनी यायची न्हाई रे मंग!" मी ओरडले. ओरडले आणि मलाच रडू आलं. नंदाबाईनं पदर तोंडाला लावला.

"माहीत आहे," तो म्हणाला.

त्यानंच निखिलला फोन लावला, स्पीकरवर, हात पिठाचे होते म्हणून. सगळं सांगितलं. दुसऱ्या डब्याचं, दोन घासांचं, शिवाजीचं. काही लपवलं न्हाई. "ते सगळे डबे काढून टाक हिशोबातून," म्हणाला. "राह्यलं त्यात फेरीची मजुरी निघत न्हाई. आपण पुढं जायचं न्हाई. कॉलनीपुरतं मी बघतो."

निखिल गुणी पोरगा, रागावला न्हाई. "बरं झालं एकाच कॉलनीत कळालं," म्हणाला. मंग म्हणाला, "बाबा, तुम्ही इकडंच या ना राहायला." तिकडं फोन वहिनीच्या हातात गेला. तिनं सगळं ऐकलं होतं का न्हाई मला माहीत न्हाई. तिनं सवयीनं विचारलं.

"जेवलात का?"

मी वाट बघत होते, आता म्हणणार, दोन घास जास्तच. तोंड उघडलं त्यानं. आणि म्हणाला, "न्हाई."

"अहो, साडेआठ वाजले. का न्हाई?"

"एकट्यानं जात न्हाई, साधना. कधीच गेलं न्हाई. तू गेल्यापासून मी नीट जेवलोच न्हाई. या लोकांच्या घरी जेवलो तेवढंच."

तिकडं नात कशासाठी तरी हट्ट करत होती. वहिनीनं तिला गप्प केलं न्हाई. मंग तिचा आवाज आला. "रोज हो म्हणत गेलात तुम्ही. मला वाटलं माझ्यावाचून तुमचं बराबर चाललंय. म्हणून थांबले ना मी इतकी. न्हाईतर कशाला थांबले असते?"

माझा जीव तुटत होता. दोन वर्षं हा माणूस बायकोला काळजी नको म्हणून खोटं बोलला, आणि ती बिचारी तिकडं आपली गरज संपली म्हणून गप्प बसली. काय म्हणावं या लोकांना!

तुम्ही म्हणाल मंग ती आली का? आली. संक्रांतीला आली, आठ दिवस राह्यली. स्कूटीवर मागं बसून त्याच्याबरोबर कॉलनीत गेली. कांताबाईंनी तिला तिळगूळ दिला आणि तीन ताटं मांडली. पण पुण्यात सून ऑफिसला, पोरीला ताप, पक्की केलेली बाई ठेवायचं लांबलं. गेली परत. जाताना ती घडी केलेली चादर तिनं अंथरून ठेवली.

माझ्या गाळ्यात आता काकासाहेबांच्या कापडाचे गठ्ठे आहेत. दादाचं किचन चालू आहे, तेवढंच, एक कॉलनी, दहा-बारा डबे. पोचवायला तोच जातो. फायदा म्हणाल तर नंदाबाईची मजुरी आणि गॅस निघतो. काही घरी बसतो, काही घरी बसत न्हाई. ते बी सारखं बोलवत न्हाईत आता. गुरुजींना मुलीनं कॅनडाला नेलं, अपूर्वची बदली झाली. काही संध्याकाळी कुणाचाच दरवाजा उघडा मिळत न्हाई, डबा जाळीला अडकवायचा आणि परत यायचं.

फोन येतो तसाच. "जेवलात का?" आता तो खरं सांगतो. कधी हो, कधी न्हाई. न्हाई म्हणाला की वहिनी म्हणते, "मंग वाढून घ्या. मी फोन धरते."

तो फोन वाटीला टेकवून ठेवतो आणि जेवायला बसतो. तिकडं ती, इकडं हा. बोलत कुणीच न्हाई. नुसता भाकरी मोडल्याचा आवाज. एकदा मी मधीच काहीतरी विचारायला गेले, तर त्यानं बोट ओठावर ठेवून मला गप्प बसवलं.

"जेवून राह्यलो आम्ही," म्हणाला.

मी चपला घातल्या आणि हळूच निघाले.